‘ध’वरची रेघ

लिलाधरभाऊंच्या शिलाईच्या दुकानात रंजूला कपड्याचा वास कधी आलाच नाही. नव्या सुती कापडाला एक कोरा, पेजेसारखा वास असतो आणि तो तिला लहानपणापासून आवडायचा. पण सानगडीच्या बसस्टँडसमोरच्या त्या दुकानात आधी यायचा तो खर्ऱ्याचा वास. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून लिलाधरभाऊ तो मांडीवर घोटत बसायचे, गालात भरायचे, आणि मग तोच हात गिऱ्हाइकाच्या पँटीला पुसून माप घ्यायचे.

त्याहून वाईट होता तो कोपरा. वाळू भरलेला एक डबा त्यांनी तिथे ठेवला होता. पण बसल्या जागेवरून मारलेली पिचकारी डब्यात क्वचितच पडायची. दोन्ही भिंती गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तपकिरी झाल्या होत्या. नवा थर जुन्या थरावर वाळायचा आणि त्यावर माश्या बसायच्या. रंजू त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायची, तरी पाठीला तो दिसत राहायचा.

तिचं मशीन तिथे होतं म्हणून ती तिथे होती. भावाच्या दोन खोल्यांत आई, भाऊ, वहिनी, पोरं आणि धानाची पोती यांच्यात मशीनचा जड टेबल मावत नव्हता. लिलाधरभाऊ भावाचे मित्र. त्यांनी दुकानात जागा दिली, आणि त्या जागेचं कधी काही मागितलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण चांगुलपणानं वास जात नाही, हे रंजूला दुसऱ्या वर्षात पक्कं कळलं होतं. दुपारचा डबा ती बसस्टँडच्या बाकावर जाऊन खायची, आणि तरी पहिल्या घासाआधी बोटांचा वास घेऊन पाहायची.

म्हणून गोदावरीकाकूंनी बोलावलं तेव्हा ती अर्ध्या वाक्यातच ‘हो’ म्हणाली.

गोदावरीकाकू गावातल्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. गट गावचा सुवासिक तांदूळ पुड्या भरून विकायचा. साकोलीला धान महोत्सव होता, आणि तिथल्या आपल्या दुकानामागे लावायला त्यांना कापडी पडदा हवा होता.

“फ्लेक्स नको,” काकू म्हणाल्या. “मागच्या साली लावला, एका वाऱ्यात फाटला. कापडाचा पाह्यजे. हिरव्यावर पिवळी अक्षरं, ‘सानगडीचा धान’. लांबून दिसली पाह्यजे.”

“दिसतील काकू. कापून, चिकटवून, वरून दाट शिलाई मारून देतो.”

“आणि ऐक. काम चांगलं झालं, तं गटाची मागची खोली तुले देऊन टाकतो. पुड्यांच्या कापडी थैल्या तूच शिव तिथं बसून. पण दोघी-तिघी म्हणतात का साकोलीच्या कम्प्युटरवाल्याले द्या. मी म्हटलं, पडदा पाहू, मंग बोलू.”

खोली! तिची स्वतःची खोली, जिथे कोपरा म्हणजे नुसता कोपरा असेल. त्या दिवसापासून रंजूला दुसरं काही सुचत नव्हतं.

या कामाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे दोन्हीकडून चिकटणारी फ्यूजिंग. कागदावर डिंकाचा पातळ, जाळीसारखा थर असतो. अक्षर त्या कागदावर काढायचं, पण उलटं, आरशात दिसतं तसं. कारण तो कागद कापडाच्या पाठीला चिकटतो, आणि कापड सुलटं केलं की अक्षरही सुलटं होतं. मग अक्षर रेघेवर कापायचं, कागद सोलायचा, पडद्यावर ठेवून इस्त्री दाबायची. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की अक्षर सरकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे साटन टाका. झिगझॅग इतका दाट करायचा की दोरा दोऱ्याला लागून बसला पाहिजे, पण एकावर एक चढला नाही पाहिजे. आणि रुंदी कमी, दोन मिलिमीटरच्या आसपास. सुई उजवीकडे जाईल तेव्हा पिवळ्याच्या काठाला लागून हिरव्यात पडायला हवी, डावीकडे जाईल तेव्हा पिवळ्यात. मागे कोरा कागद लावायचा, नाहीतर कापड टाक्याखाली गोळा होतं.

सरळ काठावर हे कोणालाही जमतं. माणूस ओळखू येतो तो कोपऱ्यावर. आणि आपली अक्षरं म्हणजे नुसते कोपरेच. जिथे काना रेघेला भेटतो, तिथे कोपरा. रेघ संपते तिथे कोपरा.

रंजूने ‘सानगडीचा’ दोन दिवसांत पुरा केला. ‘धान’ कापून, चिकटवून ठेवला होता, नुसती शिलाई बाकी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला, आईला चक्कर आली आहे, लवकर ये. ती उठली, सुई वर केली, पडदा नीट घडी करून मशीनवर ठेवला.

लिलाधरभाऊ पडद्यावर वाकले होते. गाल टम्म भरला होता. हनुवटी वर करून, ओठांतून काही सांडू नये म्हणून ते बोलले, “अंअं... अअची ओघ उई अऊ अं?”

ओठांच्या कडेला तपकिरी फेस होता. एक थेंब हनुवटीवर उतरत होता. रंजूने तोंड फिरवलं.

“हो, हो, करा,” ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. बाहेर येऊन तिने मोठा श्वास घेतला.

आई बरी होती. उपासाने चक्कर आली होती, लिंबू-साखरेचं पाणी पोटात गेल्यावर उठून बसली. रंजू दुकानाकडे परतली तेव्हा शाळा सुटली होती. दुकानासमोर पोरांचा घोळका उभा होता. लिलाधरभाऊंनी पडदा दाराच्या दोरीला टांगला होता, गावाने पाहावा म्हणून.

एक पोरगी, दुसरी-तिसरीतली असेल, बोट फिरवत वाचत होती. “सा-न-ग-डी-चा...” ती थांबली. मग मोठ्याने म्हणाली, “घा-न!”

“सानगडीचा घान!” सगळी पोरं ओरडली. एकाने नाक दाबलं. “फू! सानगडीचा घान!” ती रस्त्याने तेच ओरडत गेली.

इकडे ‘ण’ कोणी म्हणत नाही. घाणीला सगळे ‘घान’च म्हणतात.

रंजूने पाहिलं. ‘ध’ आणि ‘घ’ मध्ये फरक तो काय? ‘ध’च्या डाव्या वेटोळ्यावर रेघ नसते. तिथे डोक्यावर मोकळी जागा सोडलेली असते. लहान मुलांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ याच जागेवर जातो. रेघ ओढण्याचा जोर असा असतो की हात तिथे थांबतच नाही. लिलाधरभाऊंचाही थांबला नव्हता. त्यांनी उरलेली फ्यूजिंग लावून पिवळ्या कापडाची लांब पट्टी कापली होती, ‘धान’च्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली होती, आणि भोवती जाड, फताडी शिलाई मारली होती. कोपऱ्यावर न थांबता सरळ वळवलेली. बाहेरच्या कोपऱ्यांवर दोरे पंख्यासारखे फाकले होते आणि मधून कापडाची कच्ची कड बाहेर डोकावत होती. एका ठिकाणी अंगठ्याचा तपकिरी ठसा उठला होता.

“हे काय केलं, भाऊ?”

लिलाधरभाऊ हसले. गाल अजून भरलेलाच होता. त्यांनी हाताने वरच्या रेघेकडे खूण केली आणि आनंदाने काहीतरी म्हणाले. 

“आधी ते थुका! तोंड धुवा, मंग बोला!”

ती कधी एवढ्या जोरात बोलली नव्हती. लिलाधरभाऊ बाहेर गेले, नळावर खळखळून चूळ भरली आणि परत आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज तिला साफ ऐकू आला. तो बारीक आवाज होता, जरा भित्रा.

“मी तुले इचारलं होतं, रंजू. म्हटलं, वरची रेघ पुरी करून देऊ का. तू जाऊन राह्यली होतीस, मले वाटलं पट्टी कापाची राह्यली. तू म्हटलं, हो करा.”

“तुमच्या तोंडातून काय निघते ते कोनाले समजते?”

“मंग हो काहून म्हटलं?”

 रंजूला ते तोंड समोर नको होतं, म्हणून ती हो म्हणाली होती. तिला एकाएकी त्यांचीच नाही, स्वतःचीही शिसारी आली.

“पण तुम्ही वाचलं नाही का, भाऊ? ‘ध’ दिसला नाही?”

“कापडावर मी कुठं वाचतो व? मले आकार दिसते. एकीकडं रेघ, एकीकडं खाली. मले वाटलं, चुकलं.”

तेवढ्यात गोदावरीकाकू आल्या. पोरांचा ओरडा त्यांनी रस्त्यातच ऐकला होता. पडद्यासमोर उभ्या राहून त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“सानगडीचा घान,” त्या म्हणाल्या. “वा! साकोलीत टांगाले लाजच नाही.”

“काकू, मी उसवतो.”

“हे तू केलं?”

रंजूने लिलाधरभाऊंकडे पाहिलं. ते नखाने टेबल खरवडत होते. “नाई,” ती म्हणाली. “पण हो म्या म्हटलं.”

काकूंनी अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. बोट पदराला पुसलं. “उद्या दहाच्या गाडीनं सामान जाते. तोवर झालं तं ठीक. नाई झालं, तं कम्प्युटरवाल्याचा फ्लेक्स. मंग त्या दोघी-तिघींच्या पुढं मले बोलता येणार नाही, पोरी. सांगून ठेवतो.”

त्या गेल्या. रंजूने पडदा उतरवून उलटा अंथरला, पण आधी टेबल साबणाच्या पाण्याने पुसला. पुसलेला फडका तपकिरी झाला. तिने दुसरा घेतला. तोही झाला. तिसरा कोराच राहिला.

साटन टाका समोरून उसवत नाहीत. मागून बॉबिनचा दोरा ब्लेडने थोड्या थोड्या अंतरावर कापत जायचा, मग समोरचा पिवळा दोरा एखाद्या सुरवंटासारखा अख्खा सुटून येतो. ती कापत गेली. लिलाधरभाऊ बाजूला उभे होते, हात बांधून.

“मी काय करू?”

“इस्त्री पुसा.”

इस्त्रीच्या तळाला जळलेल्या डिंकाची काळी खपली होती. फ्यूजिंगचा डिंक त्यांनी उघडाच इस्त्रीखाली घेतला होता, वर कागदही न ठेवता. रंजूने कागदावर जाडं मीठ पसरलं, तापलेली इस्त्री त्यावर घासायला सांगितली. जळक्या डिंकाचा तो वास, खर्ऱ्याच्या वासात मिसळलेला, तिला शेवटपर्यंत आठवणार होता. खपली निघाली. मीठ काळं झालं.

“आता हात धुवा. साबणानं.”

ते धुऊन आले. नखांत तपकिरी रेघा तशाच.

“अजून.”

“अवं, कातडी निघन आता!”

“निघू द्या.”

लिलाधरभाऊ पुन्हा गेले. आले तेव्हा बोटं सुरकुतली होती, पण रेघा तशाच होत्या. रंजूने आपली धुतलेली ओढणी दोन तुकड्यांत फाडली आणि त्यांच्या हातांना गुंडाळली, नवरदेवाच्या हाताला हळद लागल्यावर गुंडाळतात तशी. रस्त्यावरून जाणारे भैय्यालाल चहावाले थांबले.

“काय गा लिलाधर, लगीन हाय का?”

“ऑपरेशन हाय,” लिलाधरभाऊ म्हणाले. भैय्यालाल हसत निघून गेले. रंजू हसली नाही.

गरम इस्त्री ठेवून उचलली की डिंक मऊ होतो, तेवढ्यात पट्टीचं टोक धरून हळू ओढायचं. पट्टी निघाली, पण तिच्याबरोबर खालचा ‘धान’ही ताणला गेला आणि ‘ध’चं वेटोळं वाकडं झालं. तिने सगळंच काढलं. हिरव्यावर डिंकाचे डाग राहिले होते. वर जुन्या सुती चिंध्या ठेवून तिने इस्त्री दाबली, गरम असतानाच चिंधी ओढली. डिंक चिंधीवर आला. पुन्हा, पुन्हा. तेवढ्यापुरतं कापड साफ झालं, पण सुईची छिद्रं राहिली, पट्टीच्या सगळ्या काठांनी, आणि नेमकी ‘ध’च्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत.

फ्यूजिंग उरली होती ती एका ‘धान’पुरती. पट्टीने बाकीची खाल्ली होती. एकदा चुकलं तर दुसऱ्यांदा काही नाही.

रंजूने अक्षर उलटं काढलं, जरासं जाड, म्हणजे काठांवरची जुनी छिद्रं अक्षराखाली झाकली जातील. पण ‘ध’ जाड झाला की वरची मोकळी जागा अरुंद होते. तिने ती मोजली नाही. पेन्सिल ठेवून पाहिली. पेन्सिल बसली. तेवढी पुरेल, जर टाका बारीक राहिला आणि कोपऱ्यावर फाकला नाही तर. मोकळ्या जागेतल्या छिद्रांवर तिने पाण्याचा शिडकावा केला, नखाने हलकेच आडवं-उभं घासलं, आणि इस्त्री ठेवली. धागे परत जवळ आले. सगळे नाही.

अक्षर चिकटलं. मागे कागद लागला. पडदा इतका मोठा की त्याच्या वजनाने कापड सुईपासून ओढलं जायचं, आणि कोपऱ्यावर वळताना ओढलं गेलं की खलास. कोणीतरी धरायला हवं होतं.

“धरा,” ती म्हणाली. “मी म्हणन तेव्हा उचला. श्वास इकडं सोडू नका.”

लिलाधरभाऊंनी तोंड रस्त्याकडे केलं आणि गुंडाळलेल्या हातांवर पडदा तोलून धरला.

मशीन चाललं. ‘ध’च्या रेघेचं डावं टोक आलं. हा बाहेरचा कोपरा. रंजूने मोटरच्या पेडलवरून पाय काढला, चाक हाताने फिरवलं, सुई उजवीकडे, हिरव्यात उतरली तेव्हाच थांबली.

“हं, उचला.” मशीनचा दाबपाय वर, कापड वळलं, दाबपाय खाली. पुढचे टाके आधीच्या टाक्यांच्या टोकावर चढून बसले. चौकोनी, घट्ट.

“सुई हिरव्यातच काहून ठेवली?” लिलाधरभाऊंनी रस्त्याकडे पाहतच विचारलं.

“पिवळ्यात ठेवून वळवलं तं बाहेर फट पडते. तुमची पडली तशी.”

पुढे आतला कोपरा, काना जिथे रेघेला भेटतो. इथे ती कोपऱ्यावर थांबली नाही. टाक्याच्या रुंदीएवढी पुढे पिवळ्यात गेली, सुई डावीकडे, पिवळ्यात रुतवली, मग वळली.

“आता पिवळ्यात?”

“आतल्या कोपऱ्यात पिवळ्यात, बाहेरच्या कोपऱ्यात हिरव्यात. उलटं केलं का भोक राहते.”

“तीस वर्सं मशीन मारली. मी वळवतच गेलो,” लिलाधरभाऊ म्हणाले. “पँटीत कोन पाह्यते?”

त्यांच्या स्वरात खेद होता की फुशारकी, ते तिला कळलं नाही. तिने मशीन चालू केलं. वेटोळ्याच्या गोलाईवर तर प्रत्येक दोन-तीन टाक्यांनी सुई रुतवून जरा जरा वळवावं लागत होतं. लिलाधरभाऊंना तलफ आली होती. त्यांचे गाल रिकामेच हलत होते, गुरं रवंथ करतात तसे. तिला ते दिसत होतं, आणि रिकाम्या तोंडाचीही तिला किळस येत होती. पण त्यांनी पडदा सोडला नाही.

सकाळी गोदावरीकाकू आल्या तेव्हा पडदा दोरीवर होता.  जवळ गेल्या आणि ‘ध’च्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत करंगळी ठेवली. करंगळी मावली नाही, नख मावलं.

“छिद्रं दिसतात,” त्या म्हणाल्या.

“हो. जवळून दिसतात.”

काकू रस्त्याच्या पलीकडे गेल्या, भैय्यालालच्या टपरीजवळ उभ्या राहिल्या, आणि तिथून मोठ्याने वाचलं, “सानगडीचा धान!” मग परत येऊन पडद्याची घडी करू लागल्या. घडी करता करता त्यांनी कमरेची किल्ली काढून रंजूच्या मशीनवर ठेवली.

मशीन त्याच दुपारी हललं. लिलाधरभाऊंनी आपल्या हातगाडीवर चढवलं, स्वतः ओढत गटाच्या खोलीपर्यंत आणलं. खोलीत उंदरांच्या लेंड्या होत्या, कोळ्यांची जाळी होती, आणि एका कोपऱ्यात कुजलेल्या पोत्यांचा ढीग होता. रंजूने नाकाला रुमाल लावला आणि ढीग बाहेर फेकला. खाली फरशी ओली, बुरशी धरलेली. किळस आलीच. पण ही घाण खरवडली तर उद्या पुन्हा येणार नव्हती.

लिलाधरभाऊ उंबऱ्याशी उभे होते. गाल पुन्हा भरलेला होता. त्यांनी एका हाताने मशीन धरलं, एक पाय आत टाकला.

“भाऊ,” रंजू म्हणाली, “तिथंच ठेवा. आत मी घेतो.”

ते थांबले. काही बोलायला हनुवटी वर केली, मग खाली घेतली. पाय मागे घेतला.

रंजूला वाईट वाटलं. त्यांना आत बोलवावं इतकं मात्र नाही. तिने टेबलाची कड धरली आणि मशीन स्वतःच ओढत, फरशीवर ओरखडे काढत, आत घेतलं.